येळवशीला घरी काय लिहू?

*ताई, मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. यंदा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. दिवाळीला घरी जाऊन आलो, पण येळवस, आमच्याकडचा शेतात जेवायचा अमावस्येचा सण, परीक्षेत आलीय. आजवर एकही येळवस शेताबाहेर गेली नाही. इथे बरोबरच्या पोरांना येळवस म्हणजे काय तेही ठाऊक नाही. फोनवर बोलायला गेलो की गळा भरून येतो, म्हणून पत्र पाठवायचं ठरवलं. घरच्यांना सणाचं काही लिहायची ही पहिलीच वेळ. खरं लिहिलं तर आई रडेल आणि दादा (माझे वडील) दुसऱ्या दिवशी न्यायला येतील. खोटं लिहवत नाही. मेसमध्ये एकच पोळी खातो. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ७ पडले, ते घरी सांगितलं नाही. रूममधला किनवटचा पोरगा मात्र चांगला आहे. पत्र आठवीतली बहीण वाचून दाखवेल. कच्चं असं लिहिलंय:*

*"आदरणीय आई-वडील, वेळ अमावस्येच्या हार्दिक शुभेच्छा. तुमची खूप आठवण येते. माझी काळजी करू नका. मी इथे मजेत आहे. जेवण चांगले आहे. अभ्यास छान चालू आहे. तब्येतीची काळजी घ्या."*

*त्यांना धीर वाटेल असं कसं लिहू?*

उत्तर

तुझं कच्चं पत्र मी दोनदा वाचलं. 'वेळ अमावस्या' खोडून 'दिवाळी' घातलं आणि खाली दुसऱ्या कुणाची सही केली, तरी ते तसंच चालेल. तुझ्याच घरी जाणार आहे अशी खूण त्यात कुठे नाही. गंमत म्हणजे मला लिहिलेल्या मजकुरात सगळं आहे. किनवटचा पोरगा आहे, एक पोळी आहे, गणित आहे. घरच्यांना धीर वाटेल असं सामान माझ्याकडे पाठवलंस आणि घरी पाठवायला फ्लेक्सवरची भाषा ठेवलीस.

त्यात तुझा फारसा दोष नाही. दिवाळीच्या शुभेच्छा आयत्या मिळतात, त्या नुसत्या पुढे ढकलायच्या. येळवशीच्या शुभेच्छा द्यायची मुळात रीतच नाही, कारण ज्याला द्यायच्या तो त्या दिवशी शेतात आपल्या मांडीला मांडी लावून जेवत असतो. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं रिकामी होतात, बाजार ओस पडतो. संभाजीनगरात तीच तारीख म्हणजे मार्गशीर्षातली एक साधी अमावस्या. नमुनाच नव्हता, म्हणून तू शाळेतल्या पत्रलेखनाकडे वळलास.

तू एक गोष्ट गृहीत धरलीयस. आठवण येते हे कळलं की आईचा धीर सुटेल, आणि ते झाकून 'मजेत' लिहिलं की तिला झोप लागेल, असं तुला वाटतं. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. मी अकरावीला घरापासून लांब होस्टेलवर होते. महालक्ष्म्यांना सुट्टी मिळाली नाही, तेव्हा घरी पोस्टकार्ड टाकलं : मी मजेत आहे, काळजी करू नका, अजिबात काळजी करू नका. आमच्या गावात कार्ड आधी पोस्टमन वाचायचे, मग घरचे. त्यांनी ते देतानाच सांगितलं, "पोरीचं काही खरं दिसत नाही." चौथ्या दिवशी सकाळी बाबा होस्टेलच्या फाटकाशी उभे. म्हणाले, "दोनदा 'काळजी करू नका' लिहिलंस, म्हणून आलो." पुढे फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की खोलीतल्या मुलीला ताप आला, रेक्टरबाईंच्या स्टोव्हवर तिच्यासाठी पेज केली, पहिल्यांदा करपली. ते पत्र आईने कितीतरी वर्षं देवघराच्या फळीवर जपून ठेवलं होतं. त्यात 'मजेत' हा शब्दच नव्हता.

लांब असलेल्या लेकराबद्दल आईबाप मनात दोन-तीनच गोष्टी विचारत असतात. पोटाला काय खातो, जवळ कोण आहे, अडलं तर कुणाला हाक मारील. 'जेवण चांगले आहे' यातून त्यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. किनवटच्या पोराचं नाव, त्याचे वडील काय करतात, तो रात्री घोरतो की नाही, यातून मिळतं. तुझ्या कच्च्या पत्रात त्याचा पत्ता नाही आणि मला लिहिताना मात्र तो आला. आईच्या दृष्टीने त्या पोराएवढी मोठी बातमी दुसरी नाही.

आठवणीचंही तसंच. येळवशीला लेकराला शेत आठवलंच नाही, असं कळलं तर आईला बरं वाटेल का? वाटणार नाही. पण 'खूप आठवण येते' या वाक्याला शेंडा-बुडखा नाही, ते हातात घेऊन काय करावं हे तिला कळत नाही. त्याऐवजी नेमकं काय आठवतं ते लिही. आंबिलाचं बिंदगं दरवर्षी कोण उचलायचं, कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या कोण आणायचं, भज्जीत हरभऱ्याचा पाला जास्त झाला म्हणून आज्जी काय बोलली होती. आणि त्याचा प्रश्न कर : यंदा बिंदगं कोण उचलणार? त्यात आठवण आपोआप येते, आणि वाचणाऱ्याला रडण्याऐवजी उत्तर द्यावं लागतं. दादांसारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला तर प्रश्न फार बरा. 'दादा, तब्येतीची काळजी घ्या' याला ते काय म्हणणार? 'हरभऱ्याला घाटे धरले का, अळी दिसली का' याला ते चांगलं पाच मिनिटांचं उत्तर देतील आणि त्या पाच मिनिटांत तू परत त्यांचा पोरगा होशील.

आता मायना. 'आदरणीय आई-वडील' हे सभेतलं झालं. आपल्याकडे सख्ख्या आईवडिलांना 'तीर्थरूप' लिहितात, थोडक्यात 'ती.', आणि पुढे 'शिरसाष्टांग नमस्कार'. तुला ते जुनाट वाटेल, पण त्यात एक शहाणपण आहे. सणाला धाकट्याने थोरांना शुभेच्छा द्यायच्या नसतात, पाया पडायचं असतं. दसऱ्याला सोनं देऊन तू वाकतोस, 'हार्दिक शुभेच्छा' म्हणत नाहीस. लांबून वाकायचं तर ते या दोन शब्दांनी होतं. खाली 'आपला आज्ञाधारक' नको, ते शाळेसाठी ठेव. घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने सही कर. आणि 'वेळ अमावस्या' खोडून 'येळवस' लिही, घरात कोणी 'वेळ अमावस्या' म्हणत असेल असं वाटत नाही.

एक बारीक अडचण अजून आहे, ती तुझ्या कच्च्यातही दिसते. आईला तू 'अगं, तू' म्हणतोस आणि दादांना 'तुम्ही'. दोघांना एकत्र लिहायला गेलं की सगळं 'तुम्ही' होतं आणि आई एकदम परकी होते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पत्र थंड लागतं. म्हणून मायना सगळ्यांना मिळून कर आणि पुढे एक परिच्छेद दादांना 'तुम्ही'ने, एक आईला 'तू'ने, दोन ओळी आज्जीला. बहीण वाचताना ज्याच्या नावाचा परिच्छेद येईल तो सरसावून बसेल. बहिणीलाही एक ओळ असू दे, वाचायचं काम तिच्याकडे आहे.

आता पोळी आणि गणित. इथे तुझी खरी पंचाईत आहे आणि ती नुसती शब्दांनी सुटणार नाही. पत्र लिहिण्याआधी दोन कामं कर. पहिलं, चार दिवस मेसमध्ये दुसरी पोळी घे. जात नसेल तर भात वाढवून घे, आणि खोलीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ आणून ठेव, भूक लागली तर रात्री हाताशी असावं. दुसरं, गणितासाठी एका माणसाला विचार. वर्गात ज्याला येतं असा कुणी, वरच्या वर्षाचा कुणी, नाहीतर शिकवणारे सर. संध्याकाळचा एक तास ठरव आणि तीन-चार दिवस प्रत्यक्ष बस. मग पत्र लिहायला घे. 'गणित जड जायलंय, पण रोज रात्री तासभर अमक्याबरोबर बसतो' हे वाक्य तेव्हा खरं झालेलं असेल. 'अभ्यास छान चालू आहे' हे आजही खरं नाही, आणि निकाल लागला की दादांना तेच वाक्य आठवेल.

७ हा आकडा मात्र मी पत्रात घालणार नाही. तुझं पत्र मोठ्याने वाचलं जाणार, त्या वेळी ओट्यावर चुलता असेल, शेजारची काकू असेल. गणित जड जातंय हे सगळ्यांनी ऐकलं तरी चालतं. मार्क किती ते दादांना फोनवर, त्यांना एकट्याला, परीक्षा संपायच्या आत सांग. निकालाच्या दिवशी एकदम कळण्यापेक्षा ते बरं. कोणती गोष्ट कुणासमोर वाचली जाईल याचा विचार करणं म्हणजे लपवणं नव्हे, पण ती गोष्ट शेवटी कुणालाच सांगितली नाही तर मात्र ते लपवणंच.

तुझ्या मजकुरावरून मी असं लिहून पाहिलं. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्यात, त्यातलं जे तुझ्या घरी खरं नसेल ते काढून तुझं घाल.

*ती. आई, दादा आणि आज्जी यांना शिरसाष्टांग नमस्कार.*

*दादा, दिवाळीत निघताना तुम्ही म्हणालात हरभरा उशिरा पेरलाय. आता फुलावर आला का? अळी दिसली का? तुरीची काढणी कधी धरणार? पेपर असल्यामुळे येळवशीला येता येत नाही. गणित मला जड जायलंय. मागच्या आठवड्यापासून रोज रात्री जेवण झालं की तासभर वरच्या वर्षाच्या एका पोराकडे बसतो. त्याचं गाव रेणापूरकडं आहे. बाकी तुमच्याशी फोनवर बोलतो.*

*आई, यंदा आंबिलाचं बिंदगं कोण उचलणार? गेल्या वर्षी मी बांधावर ठेचाळलो आणि अर्धं सांडलं, तरी तू काही बोलली नव्हतीस. मेसची पोळी जाड असती, आधी घशाखाली उतरत नव्हती. आता दोन खातो, भात जास्त घेतो. खोलीत शेंगदाणे-गूळ आणून ठेवलाय. माझ्या रूममधला पोरगा किनवटचा आहे. त्याला भज्जी सांगितली तर म्हणतो, कांद्याची का? त्याला समजावून सांगता सांगता मलाच भूक लागली. गावाकडून कुणी इकडं येणार असेल तर बाजरीचे उंडे पाठव, आमच्या दोघांपुरते. भज्जी नको, वाटेत आंबती.*

*आज्जी, पांडवांना चुना तूच लाव, बाकीच्यांना जमत नाही. माझ्या वाटची फेरी छोटीकडून घालून घे. छोटे, फेरीला मोठ्याने ओरड, दरवर्षी लाजतीस.*

*शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघतो. तारीख पक्की झाली की कळवतो.*

*तुमचा,*

यात 'आठवण' हा शब्द एकदाही आलेला नाही आणि 'काळजी'ही नाही. तुला एकदा लिहावासा वाटला तर लिही, मी काही बंदी घालत नाही. 'जायलंय', 'लाजतीस' हे मी मुद्दाम ठेवलं. घरची बोली कागदावर आली की आईला तुझा आवाज ऐकू येतो, आणि पुस्तकी मराठीत तो हरवतो. उंड्यांचं मागणंही मुद्दाम ठेवलंय. त्या दिवशी तुझ्या वाटचं ताट वाढायला माणूस नाही, हे तिला सगळ्यात जास्त बोचणार. 'माझ्यासाठी काही ठेवू नकोस' म्हणालास तर तिचे हात बांधलेस. दोघांपुरते उंडे मागितले की तिला एक काम मिळतं, आणि 'दोघांपुरते' यातून तू तिथे एकटा नाहीस हेही कळतं. परतायची तारीख नक्की नसेल तर घालू नकोस. चुकलेली तारीख घरच्यांना 'मजेत'पेक्षाही जास्त छळते.

पत्र आधी पोचायला हवं, येळवशीच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी घराला कुलूप असतं आणि शेतात वीस पाहुणे. अंतर्देशीय पत्र घे, पोस्टकार्ड नको, माझं काय झालं ते वर सांगितलंच आहे. अंतर्देशीयात दुसरं काही घालून पाठवता येत नाही, तेव्हा फोटो पाठवायचा असेल तर पाकीट घ्यावं लागेल. खेड्यात पोचायला आठवडा धरून चाल आणि रस्त्यावरच्या पेटीत टाकण्यापेक्षा पोस्टात नेऊन दे. पत्त्यावर 'मु. पो.' तेव्हाच लिही, जेव्हा पोस्ट तुझ्याच गावात आहे. शेजारच्या गावात असेल तर 'मु.'पुढे तुझं गाव, 'पो.'पुढे पोस्टाचं गाव, मग तालुका, जिल्हा आणि त्या पोस्टाचा सहा आकडी पिन. पिनमध्ये एक आकडा चुकला तर पत्र भलत्याच तालुक्यात हिंडत बसतं.

लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या काही मुलींनी मला कळवलंय की त्यांच्या होस्टेलवर फोन फक्त रविवारी मिळतो. त्यांना पत्राला पर्यायच नाही. तुझ्याकडे फोन आहे, तर तोही वापर, फक्त वेळ बघून. येळवशीच्या दुपारी लावू नकोस. आई पाहुण्यांना वाढत असते, फोन स्पीकरवर जातो, चारजण 'कसा आहेस रे' म्हणतात, तुझा गळा दाटतो आणि सगळ्यांसमोर ती डोळे पुसू शकत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री लाव. त्या रात्री ती चुलीपुढून उठत नाही, आंबील, खीर, उंडे सगळं तेव्हाच चाललेलं असतं. हात कामात असले की आया जास्त बोलतात. 'काय वळायलीस?' एवढं विचार आणि ऐकत राहा. गळा भरून आला तर 'थांब जरा' म्हण आणि फोन तोडू नकोस. मध्येच तुटलेल्या फोनने आईची रात्र खराब होते. तू फोनवर रडलास तर ती दोन मिनिटं रडेल आणि मग विचारील, जेवलास का.

दादा न्यायला येतील याची तुला इतकी भीती का, हेही एकदा स्वतःला विचार. आले तर येऊ देत. सात तासांची एसटी करून आलेला बाप खोली बघेल, किनवटच्या पोराशी बोलेल, मेसमध्ये तुझ्याबरोबर जेवेल आणि संध्याकाळच्या गाडीने बहुधा एकटाच परत जाईल. माझे बाबा तसेच गेले होते.

हे सगळं घर आठवतं, पण दिवस ढकलले जातात अशा मुलासाठी. दोन-तीन आठवडे अन्न जात नसेल, झोप लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते सणाच्या पत्रात बसवायचा खटाटोप करू नकोस. त्याच दिवशी दादांना फोन कर. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं. होस्टेलवर कुणी त्रास देत असेल तर रॅगिंगविरोधी क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तुझ्या मजकुरात मला असं काही दिसलं नाही, पण एकच पोळी किती दिवसांपासून चाललीय ते तू लिहिलेलं नाहीस. पुढच्या पत्रात तेवढं कळव, आणि उंडे आले का तेही.